दिवाळी-आखाजीनंतर वाजणारा ड्रिफ्टचा अलर्ट : कापसाच्या सिग्नलमध्ये आधी काय तपासायचं

जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यातल्या जिनिंगवाल्यांसाठी आणि रुईच्या व्यापाऱ्यांसाठी भावाचे सिग्नल चालवून देणं हे माझं रोजचं काम. रचना सगळीकडे साधारण एकच असते. संध्याकाळी बोदवड, जामनेर, चोपडा, शिरपूर, शहादा अशा बाजारांतले कापसाचे भाव आणि आवक, सरकीचा भाव आणि एमसीएक्सवरचा रुईचा वायदा गोळा होतो. मॉडेल त्यावरून एक आकडा देतं : बाजाराच्या पाच दिवसांनंतर भाव आजच्यापेक्षा वर असण्याची शक्यता किती. आकडा ०.५५ च्या वर गेला तर गाठी धरून ठेवायच्या, ०.४५ च्या खाली आला तर विकायच्या आणि उद्याच्या खेडा खरेदीचा भाव जपून काढायचा. मधल्या आकड्याला मालक आपल्या अनुभवाने ठरवतो.

या मॉडेलवर एक पहारेकरी प्रोग्राम बसवलेला असतो. ट्रेनिंगच्या वेळी आकडे कसे पसरलेले होते आणि आता लाइव्हमध्ये कसे पसरलेत, यातला फरक तो रोज मोजतो. फरक ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की मेसेज येतो, 'ड्रिफ्ट'. याच अलर्टसाठी मला सगळ्यात जास्त फोन येतात, आणि फोन करणाऱ्याने तोवर बहुतेक वेळा मॉडेल पुन्हा ट्रेन करून टाकलेलं असतं. ते करण्याआधी पुढचं सगळं तपासून घ्या. ज्या दुरुस्त्या मी पुन्हा पुन्हा केल्या, त्यांतल्या बहुतेकांत बाजार बदललेला नव्हता आणि मॉडेलही शाबूत होतं.

लक्षणं

तुमच्याकडे यातली दोन-तीन जरी जुळत असतील तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

दिवाळीनंतर बाजार उघडला की आठवड्याभरात अलर्ट येतो. तसाच आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, येतो. एरवी महिनोन् महिने शांतता.

मॉडेलचा आकडा त्या काळात ०.५० च्या आसपास घुटमळतो. ०.६२, ०.३८ असे ठाम आकडे दिसतच नाहीत.

कोणत्या फीचरमध्ये, म्हणजे मॉडेलला पुरवलेल्या कोणत्या आकड्यात, फरक पडलाय हे पाहिलं तर बाजार समितीच्या भावावरून काढलेली फीचर्स बिघडलेली दिसतात आणि वायद्यावरून काढलेली जवळपास जागेवर असतात.

दहा-अकरा दिवसांत सिग्नल आपोआप ठीक वाटायला लागतो, पण अलर्ट मात्र महिनाभर वाजत राहतो.

शेवटचं लक्षण नीट लक्षात ठेवा. बाजाराचा स्वभाव खरोखर बदलला असेल तर तो असा कॅलेंडर बघून दहा दिवसांत पूर्ववत होत नाही.

१. डेटा आलाय का, आणि किती ओळी आल्यात

पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. प्रत्येक बाजारासाठी लाइव्ह टेबलमधली पहिली तारीख, शेवटची तारीख आणि वेगवेगळ्या तारखांची संख्या छापून बघा.

```python
print(live.groupby("mandi")["date"].agg(["min", "max", "nunique"]))
```

यात तीन गोष्टी बघायच्या. शेवटची तारीख कालची-आजची आहे का. एखाद्या बाजाराचं नावच गायब आहे का. स्पेलिंग बदललं की फीडमध्ये तोच बाजार 'नवीन' म्हणून येतो आणि जुना रिकामा राहतो. आणि तिसरी, जी लोक बघत नाहीत : तारखांची संख्या पुरेशी आहे का.

भाव आला नाही की कालचाच भाव पुढे ओढायची सवय अनेकांच्या कोडमध्ये असते. दिवाळीत सहा दिवस बाजार बंद असेल तर सलग सहा दिवस एकच भाव, बदल शून्य. ट्रेनिंगमध्ये असे शून्याचे पट्टे नव्हते, म्हणून पहारेकरी ओरडतो. त्याचं ओरडणं बरोबरच आहे, फक्त बिघाड मॉडेलमध्ये नसून डेटा भरण्याच्या पद्धतीत आहे.

पहारेकरी स्वतः चालू आहे ना, हेही इथेच बघून घ्या. त्याची शेवटची यशस्वी फेरी कधी झाली याची वेळ कुठेतरी दिसायला हवी. अलर्ट येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालणारे सेटअप मी बंद पडलेल्या प्रोग्रामसकट पाहिलेत.

२. मापं

कापूस क्विंटलमध्ये, गाठ १७० किलोची, रुईचा भाव खंडीत आणि खंडी ३५५.५६ किलोची. एवढी मापं एकाच टेबलात नांदतात. एमसीएक्सच्या रुईच्या वायद्याचा भाव पूर्वी गाठीमागे असायचा. 2023 मध्ये नवीन करार आला तेव्हा तो खंडीमागे झाला. ज्याच्या ट्रेनिंगमध्ये दोन्ही काळ मिसळलेत आणि रूपांतर केलेलं नाही, त्याच्या मॉडेलला तिथे भाव एका रात्रीत दुप्पट झाल्यासारखा दिसतो.

तपासणी सोपी आहे. प्रत्येक भावाच्या फीचरसाठी लाइव्हचा मध्यक भागिले ट्रेनिंगचा मध्यक काढा. उत्तर १ च्या आसपास असेल तर पुढे चला. २.०९ च्या आसपास आलं तर गाठ-खंडीचा घोळ आहे, कारण ३५५.५६ भागिले १७० म्हणजे २.०९. उत्तर १०० पट किंवा शंभरावा भाग आलं तर कुठेतरी किलो आणि क्विंटल मिसळलेत. बाजार वर-खाली झाला म्हणून असे गुणोत्तराचे स्वच्छ आकडे येत नाहीत.

३. जुना दिवस नव्या कोडमधून चालवून बघा

या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. बाकी काही करायला वेळ नसेल तर एवढी करा.

प्रश्न असा : ज्या दिवसाचं फीचर ट्रेनिंगमध्ये एका विशिष्ट आकड्याचं होतं, तोच दिवस आजच्या लाइव्ह कोडमधून काढला तर तोच आकडा येतो का? येत नसेल तर मॉडेल आणि बाजार दोघांनाही दोष देऊ नका. ट्रेनिंगचं कोड आणि लाइव्हचं कोड एकमेकांपासून वेगळं झालंय, आणि पुन्हा ट्रेन करून ते जुळणार नाही.

```python
for d in check_dates:
    a = train_features.loc[d]
    b = build_live_features(d)
    bad = ((a - b).abs() > 1e-6) | (a.isna() != b.isna())
    print(d, list(bad[bad].index))
```

दुसरी अट, `isna` ची, मुद्दाम घातली आहे. एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला रिकामी जागा असेल तर वजाबाकी रिकामी येते, आणि रिकाम्याची तुलना नेहमी 'खोटं' देते. मग फरक असूनही यादी कोरी दिसते आणि आपण निश्चिंत होतो.

`check_dates` निवडताना एक पथ्य पाळा. साध्या चालू महिन्यातले दिवस घेतलेत तर सगळं जुळेल. दिवाळीनंतर बाजार उघडल्याचा पहिला आठवडा, आखाजीनंतरचा पहिला आठवडा, आणि जोरदार पावसाने बाजार बंद राहिलेले दिवस, हे यादीत हवेतच.

आता दिवाळीचा बिघाड उलगडून सांगतो, कारण तो एकदा कळला की असे दहा ओळखता येतात.

बोदवडकडच्या एका जिनिंगमधला सेटअप घ्या. मॉडेलचं मुख्य फीचर होतं 'आजचा भाव वजा मागच्या दहा बाजार-दिवसांची सरासरी'. ट्रेनिंगच्या वेळी अनेक हंगामांचा इतिहास हाताशी होता, त्यामुळे दहा म्हणजे दहाच ओळी मिळायच्या. लाइव्ह कोड लिहिणाऱ्याने मात्र फीडमधून मागच्या पंधरा कॅलेंडर दिवसांचाच डेटा मागवला होता. पंधरा दिवसांत दोन रविवार गेले तरी तेरा ओळी उरतात, दहाची सरासरी आरामात निघते. वर्षभर हे असंच सुरळीत चालतं.

दिवाळीत बाजार सहा दिवस बंद राहिला. पंधरातून दोन रविवार आणि हे सहा दिवस वजा केले की हातात सात ओळी. दहाची सरासरी सातांवर कशी निघाली? पांडाजमध्ये `rolling(10)` एवढंच लिहिलं तर दहा ओळी नसताना उत्तर रिकामं येतं. पण कधीतरी कोणाला ते रिकामे रकाने खटकले आणि त्याने `min_periods=1` घातलं. त्यानंतर सात ओळी असोत की दोन, सरासरी निघतेच. एरर नाही, वॉर्निंग नाही.

सरासरी कमी दिवसांची झाली की ती आजच्या भावाच्या जवळ सरकते. वजाबाकी शून्याकडे जाते. चढता बाजार असो की उतरता, मॉडेलला तो सपाट दिसतो आणि ते ०.५० च्या आसपासचा आकडा देतं. वर सांगितलेलं दुसरं लक्षण इथून येतं. वायद्याचा बाजार दिवाळीत एवढे दिवस बंद नसतो, म्हणून वायद्याची फीचर्स जागेवर राहतात. तिसऱ्या लक्षणाचा उगमही तोच.

पुढे बाजार रोज चालू राहतो, बंदचे दिवस पंधराच्या पट्ट्यातून एकेक करून बाहेर पडतात आणि दहा-अकरा दिवसांत पुन्हा दहा ओळी भरतात. सिग्नल बरा होतो. पण पहारेकरी मागच्या वीस बाजार-दिवसांकडे बघत असतो आणि ते बिघडलेले दिवस त्याच्या पट्ट्यात अजून आठवडे राहणार असतात. म्हणून अलर्ट चालूच.

या मधल्या काळात मालक घाबरून मॉडेल पुन्हा ट्रेन करून घेतो. नवीन ट्रेनिंगसोबत तुलनेचा पायाही नवा होतो, अलर्ट शांत होतो, सिग्नल तर तोवर आपोआप सुधारलेलाच असतो. श्रेय पुन्हा ट्रेन करण्याला मिळतं. खरा दोष कोडमध्ये तसाच बसून राहतो आणि आखाजीला, बाजार बंद पडला आणि जिनमधले मजूर गावी गेले, की परत उगवतो. हा बिघाड दरवर्षी येत राहण्याचं कारण हेच आहे.

दुरुस्ती दोन ओळींची. डेटा साठ दिवसांचा मागवा, आणि दहा ओळी नसतील तर सरासरी रिकामीच राहू द्या.

```python
start = today - pd.Timedelta(days=60)
avg10 = df.groupby("mandi")["rate"].transform(
    lambda s: s.rolling(10, min_periods=10).mean())
```

याला एक जोड हवी. लाइटजीबीएम किंवा एक्सजीबूस्टसारखी झाडांवर चालणारी मॉडेल्स रिकामं फीचर गुपचूप गिळतात. रिकाम्या जागेसाठी प्रत्येक फांदीवर त्यांची दिशा ठरलेली असते. म्हणजे रिकामं ठेवून भागत नाही. मुख्य फीचर रिकामं असेल त्या दिवशी आकडा द्यायचाच नाही, मेसेजमध्ये स्पष्ट लिहायचं : 'आज सिग्नल नाही, डेटा अपुरा'. मालकाला एक दिवस सिग्नल मिळाला नाही तर तो आपल्या अंदाजाने चालतो. ०.५० आला तर तो समजतो मॉडेलने विचार करून 'काही होणार नाही' असं सांगितलंय. या दोन गोष्टींत पैशांचा फरक आहे.

याच तपासणीत आणखी एक फरक सापडतो. बाजारांचे आवक-भावाचे आकडे काही वेळा नंतर दुरुस्त होतात. ट्रेनिंग दुरुस्त झालेल्या आकड्यांवर होतं आणि लाइव्ह चालतं त्या संध्याकाळी आलेल्या कच्च्या आकड्यांवर. यावर उपाय एकच, रोज आलेला कच्चा डेटा तारखेसह वेगळा साठवत जायचा आणि पुढचं ट्रेनिंग त्याच्यावर करायचं.

४. अलर्टचं गणित

वरचं सगळं जुळलं आणि तरी अलर्ट येतोय, तर आता पहारेकऱ्याचा काटा तपासा. बहुतेक ठिकाणी पॉप्युलेशन स्टॅबिलिटी इंडेक्स म्हणजे पीएसआय हा आकडा वापरतात. फीचरची किंवा मॉडेलच्या उत्तराची काही गटांत विभागणी करायची. ट्रेनिंगमध्ये प्रत्येक गटात किती वाटा होता तो `e`, आता किती आहे तो `a`.

```python
psi = ((a - e) * np.log(a / e)).sum()
```

०.१ पर्यंत ठीक, ०.२५ च्या वर गंभीर, असा प्रघात आहे. तो कर्ज देणाऱ्या संस्थांच्या स्कोअरकार्डांतून आला, जिथे दर महिन्याला हजारो अर्ज येतात. आपल्याकडे महिन्याला वीस-पंचवीस ओळी येतात. तीच मर्यादा आपण जशीच्या तशी उचलतो आणि फसतो.

आकड्यांनी बघू. ट्रेनिंगवरून पाच समान गट पाडले, म्हणजे प्रत्येकात २० टक्के. वीस दिवस पाहिले तर प्रत्येक गटात चार दिवस अपेक्षित. प्रत्यक्षात आले ७, ५, ४, ३ आणि १. पीएसआयमध्ये पहिल्या गटाची भर ०.०८४, दुसऱ्याची ०.०११, तिसऱ्याची शून्य, चौथ्याची ०.०१४ आणि पाचव्याची ०.२०८. बेरीज ०.३२. मर्यादेच्या वर, अलर्ट वाजला.

पण काहीही बदललेलं नसताना, निव्वळ योगायोगाने, एवढी किंवा याहून जास्त विस्कटलेली विभागणी दर चार वेळांत एकदाहून थोडी जास्तच येते. त्यातही जवळपास दोन तृतीयांश भार शेवटच्या एका गटाने उचललाय, जिथे चारऐवजी एकच दिवस पडला. एखाद्या गटात शून्य आलं तर पीएसआय अनंत होतो. तिथे छोटा आकडा घालून वेळ मारून नेतात, आणि मग अलर्ट वाजणार की नाही हे त्या छोट्या आकड्यावर ठरतं.

एक सोपं माप हाताशी ठेवा. ट्रेनिंगच्या ओळी भरपूर असतील तर बदल काहीच नसताना येणारा सरासरी पीएसआय साधारण 'गट वजा एक, भागिले लाइव्हच्या ओळी' एवढा असतो. दहा गट आणि वीस दिवस म्हणजे ०.४५. काहीही बिघडलेलं नसताना ०.४५! पाच गट आणि साठ दिवस घेतले तर ०.०७. त्यामुळे रोज एकच ओळ येणाऱ्या सिग्नलला मी पाचच्या वर गट ठेवत नाही आणि साठ बाजार-दिवसांपेक्षा लहान पट्टा घेत नाही. पट्टा मोठा झाला की अलर्ट उशिरा येतो हे खरं, पण अचानकची मोडतोड पकडायला पहिल्या तीन तपासण्या आहेतच. त्या रोज आपोआप चालवा.

दहा बाजारांच्या ओळी एकत्र केल्या तर वीस दिवसांच्या दोनशे ओळी होतात, असं कोणी म्हणेल. होतात, पण त्या दिवशी चोपड्यात भाव चढला तर धरणगावात आणि अमळनेरातही चढलेला असतो. दोनशे ओळींत दोनशे स्वतंत्र निरीक्षणं नसतात, वीसपेक्षा थोडी जास्त असतात एवढंच. शेजारशेजारचे दिवसही एकमेकांना धरून चालतात, त्यामुळे वरचं मापही जरा उदारच आहे.

म्हणून मर्यादा पुस्तकी घेऊ नका, स्वतःच्या इतिहासातून काढा. ट्रेनिंगच्या वर्षांत साठ दिवसांचा पट्टा एकेक दिवसाने पुढे सरकवत न्या, प्रत्येक पट्ट्याची तुलना उरलेल्या वर्षांशी करा आणि आलेले सगळे पीएसआय चढत्या क्रमाने लावा. शंभरातल्या पाचच पट्ट्यांनी ओलांडलेला आकडा ही तुमची मर्यादा. चार-पाच हंगामांचाच इतिहास असेल तर ती ढोबळ असेल, तरी उसन्या ०.२५ पेक्षा तुमच्या बाजाराची आहे.

५. कोणत्या महिन्याशी तुलना करताय

खानदेशात मे-जूनमध्ये लावलेला बागायती कापूस सप्टेंबर-ऑक्टोबरपासून यायला लागतो, आवक नोव्हेंबर ते जानेवारीत भरात असते आणि उन्हाळ्यात आटते. तुलनेचा पाया पूर्ण वर्षाचा असेल तर आवकेचं फीचर डिसेंबरमध्येही 'बदललेलं' दिसणार आणि जूनमध्येही. डिसेंबरची तुलना आधीच्या डिसेंबरांशी करा : त्याच आठवड्याच्या मागे-पुढे तीन-चार आठवडे, प्रत्येक जुन्या हंगामातून.

आपल्याकडच्या आवकेबद्दल एवढं सांगितलंच पाहिजे की खानदेशातला बराच कापूस खेडा खरेदीत शेतकऱ्याच्या दारातूनच उचलला जातो आणि बाजार समितीच्या नोंदीत येत नाही. सीसीआयची हमीभावाची खरेदी केंद्रं सुरू झाली आणि खुला भाव हमीभावाच्या खाली असला की तोच माल केंद्रांकडे वळतो. नोंदी उसळतात किंवा बसतात, शेतातला कापूस तेवढाच असतो. आवकेचा अलर्ट एकटाच वाजत असेल तर मी आधी केंद्रं कधी उघडली हे विचारतो.

६. खरंच चुकतंय का

इथवर सगळं फीचर्सच्या पसरण्याबद्दल होतं. आता उत्तरं तपासा : मॉडेलने 'वर' म्हटलं तेव्हा पाच दिवसांनी भाव खरंच वर होता का. हे पाच दिवस उशिरा कळतं आणि निष्कर्ष काढायला त्याहून बराच वेळ लागतो.

समजा ट्रेनिंगनंतरच्या चाचणीत मॉडेल १०० पैकी ५८ वेळा बरोबर होतं आणि गेल्या साठ दिवसांत साठपैकी २७ वेळाच बरोबर आलं, म्हणजे ४५ टक्के. साठ स्वतंत्र अंदाज धरले तर ही घसरण दोन प्रमाण विचलनांएवढी, काळजी करावी अशी. पण आजचा अंदाज पुढच्या पाच दिवसांवर आहे आणि उद्याचाही जवळजवळ त्याच पाच दिवसांवर. खऱ्या अर्थाने स्वतंत्र असे बाराच पट्टे आहेत, आणि बारांवर हीच घसरण एका प्रमाण विचलनाच्याही आत बसते. एवढ्यावर मॉडेल मेलं म्हणता येत नाही, आणि जिवंत आहे असंही नाही.

अशा वेळी चुका कोणत्या बाजूला पडतात ते मी बघतो. 'वर' म्हटलं आणि खाली गेला, 'खाली' म्हटलं आणि वर गेला, अशा दोन्ही बाजूंनी विखुरलेल्या असतील तर थांबून आणखी डेटा जमवतो. चुका एकाच बाजूच्या असतील, एका ठराविक तारखेनंतर सुरू झालेल्या असतील आणि त्या तारखेला बाजारात घडलेली गोष्ट बोट ठेवून दाखवता येत असेल, तर तो खरा ड्रिफ्ट. अशी तारीख म्हणजे 19 ऑगस्ट 2025. त्या दिवसापासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं गेलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि मग वर्षअखेरपर्यंत. 2022 च्या एप्रिलमध्येही असंच काही महिन्यांसाठी शुल्क काढलं होतं. शुल्क असताना परदेशी भाव आणि आपला भाव यांच्यात जेवढं अंतर मॉडेलने पाहिलेलं असतं, ते शुल्क गेल्यावर टिकत नाही. फीचर्सची विभागणी जवळपास तशीच राहू शकते, पीएसआय गप्प राहू शकतो, आणि तरी उत्तरं एकाच बाजूला चुकत जातात. म्हणून फक्त पीएसआयच्या भरवशावर राहू नका.

खरा ड्रिफ्ट असेल तरी दोन आठवड्यांच्या नव्या डेटावर मॉडेल पुन्हा ट्रेन करणं चूक आहे. वीस ओळींतून ते नवं नातं शिकत नाही, फक्त गोंधळतं. सिग्नलवर लावायचा माल कमी करा, जुनं मॉडेल आणि नवा प्रयोग शेजारी शेजारी चालवा, नव्याच्या आकड्यावर अजून कोणी गाठ विकायची नाही.

थांबायचं कधी, आणि बोलवायचं कोणाला

सिग्नलवरून वायद्याच्या ऑर्डर आपोआप जात असतील तर क्रम उलटा : आधी ऑर्डर बंद, मग तपासणी. तिसरी तपासणी नापास झालेली असताना एकही आपोआप ऑर्डर जाऊ देऊ नका.

ट्रेनिंगच्या वेळची फीचर्स आणि मॉडेलची फाइल कुणी जपूनच ठेवलेली नसेल, तर तिसरी तपासणी करता येत नाही आणि पुढच्या कशालाही पाया उरत नाही. तिथे स्वतः अंदाजाने जुळवाजुळव करत बसू नका, मॉडेल बनवणाऱ्याला किंवा दुसऱ्या अनुभवी माणसाला बोलवा. तिसरी जुळतेय, मर्यादा स्वतःच्या इतिहासातली आहे, तुलना हंगामाशी हंगामाची आहे आणि तरी चुका एका बाजूला पडतायत, तेव्हाही बोलवा. आता मॉडेलच्या रचनेचा प्रश्न आहे, पहाऱ्याचा नाही. एक्सचेंजने कराराचं माप किंवा दर्जा बदलला असेल तर जुना-नवा इतिहास जोडणं हे जाणकाराचंच काम. आणि वायद्यात किती माल सुरक्षित करायचा, किती उघडा ठेवायचा, हा प्रश्न डेटावाल्याचा नव्हेच. तो तुमच्या ब्रोकरशी आणि हिशेब बघणाऱ्या माणसाशी बसून सोडवायचा.

बोलवताना या गोष्टी आधीच पाठवा म्हणजे त्याचा आणि तुमचा दिवस वाचेल : पहिल्या तपासणीचं छापील टेबल, मध्यकांची गुणोत्तरं, तिसऱ्या तपासणीत न जुळलेल्या फीचर्सची तारखेनिशी यादी, अलर्ट पहिल्यांदा आला ती तारीख, आणि मागच्या दोन महिन्यांत बाजार कोणकोणत्या दिवशी बंद होता त्याची यादी.